चार भाषांतील टिपणे आणि एक प्रोसिडिंग

जत तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाची इतिवृत्ते मी लिहिते. गावाकडे या कामाला कोणी इतिवृत्त म्हणत नाही, ‘प्रोसिडिंग लिहिणे’ म्हणतात. कंपनी बेदाण्याची आहे. मंडळावरचे निम्मे संचालक घरी मराठी बोलतात, निम्मे कन्नड. मुख्य कार्यकारी अधिकारी बाहेरच्या राज्यातून आलेले असल्यामुळे हिंदीत बोलतात आणि वित्तव्यवहाराचे जाणकार म्हणून घेतलेले तज्ज्ञ संचालक मुद्दा महत्त्वाचा झाला की इंग्रजीवर येतात. सभेत यामुळे फारसे अडत नाही, कारण या सीमाभागात प्रत्येकाला दुसऱ्याचे बोलणे थोडेफार कळते. अडते ते नंतर, माझ्या वहीतील पानावरून मराठीत असा मजकूर उभा करताना, जो अध्यक्ष सही करून कायमचा करतील, बँक प्रमाणित प्रत म्हणून मागेल आणि उद्या वाद झालाच तर पुरावा म्हणून वाचला जाईल. कंपनी कायद्याच्या कलम 118 प्रमाणे रीतसर ठेवलेले इतिवृत्त हा सभेतील कामकाजाचा पुरावा मानला जातो, त्यामुळे मजकूर नुसता वाचनीय होऊन भागत नाही.

टिपणे मी बोलणाऱ्याच्याच भाषेत घेते. कन्नड मला ऐकून समजते, बोलताही येते, पण लिहिता येत नाही, म्हणून ती देवनागरीत उतरवते, आणि इंग्रजीही तशीच. सभा चालू असताना मनात मराठी करून लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. भाषांतर करताना आपण नकळत निर्णय घेत असतो. बोलणाऱ्याने जे अर्धवट सोडलेले असते ते आपण पूर्ण करतो, मोघम असते ते पक्के करतो, आणि वहीत एकदा पक्के वाक्य आले की ते मुळात मोघम होते हे दुसऱ्या दिवशी आपल्यालाही आठवत नाही. म्हणून आधी जसेच्या तसे टिपण, मग वर्गवारी, मग विचारपूस आणि सगळ्यांत शेवटी मराठी, हा क्रम मी मोडत नाही.

हा क्रम कशासाठी, ते एका विषयावरून दाखवते. सभा मंगळवार, 4 मार्च 2025 रोजीची, विषय क्रमांक 5. व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून पदांनीच उल्लेख करते आणि आकडे थोडे बदलले आहेत. वहीतले पान असे होते:

अध्यक्ष (म.) – शीतगृहाचे भाडे परवडत नाही. मागच्या वेळी दरपत्रके आणायचे ठरले होते.
कन्नड संचालक (क.) – आयतु.
मु. का. अ. (हिं.) – एक कोटेशन आ गया, दूसरा परसों तक मँगवाता हूँ.
तज्ज्ञ (इं.) – नॉट मोअर दॅन सिक्स मंथ्स.
मराठी संचालक (म.) – आधी उचल द्या, नाहीतर माल तासगावला जाईल. किलोला 80.
कन्नड संचालक (क.) – युगादी ओळगे.
मु. का. अ. (हिं.) – छह हज़ार पेटी, बहत्तर लाख. सीसी में गुंजाइश है.
तज्ज्ञ (इं.) – सब्जेक्ट टू बँक्स लेटर.
अध्यक्ष (म.) – बरं, करून टाका.

चाणाक्ष कारकुनाला यावरून दहा मिनिटांत इतिवृत्त लिहिता येईल: ‘शीतगृहाची दरपत्रके व सभासदांना उचल देणे याबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात आली. पुढील कार्यवाही करण्यात यावी.’ वाक्य शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि असे लिखाण आपण इतके पाहिलेले असते की कोणाला त्यात खटकत नाही. पण त्यात मंजुरी कशाला, किती रकमेला, कोणत्या अटीवर, कार्यवाही कोणी आणि केव्हापर्यंत करायची, यांतले काहीही उरलेले नाही. चार भाषांमधले हेलकावे एका गुळगुळीत वाक्यात बुजून जातात. म्हणूनच मजकूर जितका सहज उतरेल तितका मी तो अधिक संशयाने वाचते.

पहिली गोष्ट, इथे विषय एक नाही, दोन आहेत. वरच्या चार ओळी शीतगृहाच्या भाड्याच्या आहेत आणि ‘आधी उचल द्या’ या शब्दांनी गाडी दुसऱ्या रुळावर गेली आहे. विषयपत्रिकेवर दोन्ही एकाच क्रमांकाखाली होते, पण इतिवृत्तात मी त्यांचे 5 (अ) आणि 5 (ब) असे भाग केले. तसे केल्याबरोबर मोठा प्रश्न समोर आला: अध्यक्षांचे ‘करून टाका’ कशाला लागू आहे? फक्त उचलीला, की नवीन शीतगृह ठरवण्यालाही? एका भाषेत चाललेल्या सभेत आधीच्या वाक्याच्या धाग्यावरून हे बहुधा कळते. इथे मध्ये तीन भाषा येऊन गेल्या होत्या आणि धागा तुटला होता. याचे उत्तर माझ्या तर्काने द्यायचे नसते. त्याच संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, ‘उचलीचं म्हटलं मी. दरपत्रकं पूर्ण कुठं आलीत ताई, त्याचं काय ठरवणार?’ म्हणजे 5 (अ) वर निर्णय झालाच नव्हता. निर्णय न होणे हेसुद्धा इतिवृत्तात स्पष्ट लिहावे लागते. ‘निर्णय पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आला’ हे वाक्य नसेल, तर दोन महिन्यांनी कोणीतरी ‘मागेच ठरले होते’ म्हणून नव्या शीतगृहाशी करार करून मोकळा होऊ शकतो.

आता आकड्यांकडे. ‘पेटी’ हा आमच्याकडे बेसावध ठेवणारा शब्द आहे. द्राक्षाची स्थानिक बाजाराची पेटी साधारण 4 किलोची असते, बेदाण्याचा बॉक्स 15 किलोचा, आणि बोलताना दोन्हींना पेटीच म्हणतात. कार्यकारी अधिकाऱ्यांनी फक्त ‘छह हज़ार पेटी’ म्हटले. पण त्यांच्याच वाक्यात बहत्तर लाख होते आणि त्याआधी मराठी संचालकांनी किलोला 80 म्हटले होते, म्हणून पडताळा घेता आला. 6,000 पेट्या गुणिले 15 किलो म्हणजे 90,000 किलो, त्याला 80 रुपयांनी गुणले की बरोबर 72 लाख होतात. पेटी 4 किलोची धरली असती तर रक्कम 19 लाख 20 हजार झाली असती. तेव्हा पेटी 15 किलोची, दर 80 रुपयांचा आणि रक्कम 72 लाखांची, हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत. दोन भाषांतून आलेले आकडे असे एकमेकांवर घासून पाहावेत. ते जुळले नाहीत, तर वजन, दर किंवा रक्कम यांपैकी काहीतरी ऐकण्यात किंवा लिहिण्यात चुकले आहे असे समजावे. इतिवृत्तात मी नुसती रक्कम लिहीत नाही, ती कशी आली तेही लिहिते, म्हणजे वाचणाऱ्यालाही गुणाकार करून पाहता येतो.

तारखांचेही तसेच. ‘युगादी ओळगे’ म्हणजे युगादीच्या आत, आणि युगादी म्हणजे आपला गुढीपाडवाच, दोन्ही एकाच दिवशी येतात. पण मार्चमधल्या सभेत पाडवा कोणता हे सर्वांना माहीत असले, तरी ऑगस्टमध्ये तेच इतिवृत्त वाचणाऱ्या लेखापरीक्षकाला दिवाळीचा पाडवाही आठवू शकतो, म्हणून सणाच्या शेजारी तारीख हवीच. 2025 चा गुढीपाडवा रविवारी, 30 मार्चला होता. ‘आत’ म्हणजे शेवटचा दिवस शनिवार, 29 मार्च. बँका महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात, पण 29 मार्च हा पाचवा शनिवार होता, त्यामुळे शाखा उघडी राहणार होती आणि सह्यांचे पत्र देऊन सभासदांच्या खात्यांवर रक्कम एकगठ्ठा वर्ग करणे शक्य होते. शाखा बंद असती तर मुदत मी आपण होऊन शुक्रवारवर आणली नसती, अध्यक्षांना विचारले असते, कारण तारीख हा मंडळाच्या निर्णयाचा भाग असतो. ‘परसों’चे मात्र सोपे होते. सभा 4 तारखेची, म्हणून 6 मार्च. असे शब्द मी सभेतच तारखेत बदलून समासात लिहिते. आठवडाभराने वही उघडल्यावर ‘परसों’ कोणत्या दिवसापासून मोजायचा, हा प्रश्न उरायला नको.

आता ती एक शब्दाची कन्नड ओळ. ‘आयतु’ म्हणजे ‘झाले’ही होते आणि ‘ठीक आहे’ही होते. मागच्या सभेत विजयपूरकडच्या एका शीतगृहाचे दरपत्रक आणण्याचे काम याच संचालकांकडे दिलेले होते. म्हणजे ते काम झाले असे सांगत होते, की अध्यक्षांच्या बोलण्याला होकार देत होते? पहिला अर्थ धरला तर मागच्या सभेची कार्यवाही पूर्ण झाली असे लिहावे लागेल आणि दुसरा धरला तर ती बाकी आहे असे. यावर कोणाच्याही भाषाज्ञानाचा उपयोग नव्हता. मी त्यांना फोन लावला. शीतगृहाच्या मालकांशी बोलणे झाले होते, दरही कळला होता, पण कागद मिळालेला नव्हता. म्हणजे उत्तर दोन्ही अर्थांच्या मधले होते, आणि इतिवृत्तात तेच लिहिले: तोंडी दर मिळाला आहे, लेखी दरपत्रक यायचे आहे. शिवाय याच फोनवरून लक्षात आले की कार्यकारी अधिकाऱ्यांचे ‘एक’ आणि ‘दूसरा’ हे या विजयपूरच्या दरपत्रकाव्यतिरिक्त होते. म्हणजे एकूण तीन शीतगृहांचा विचार चालू होता, टिपणांवरून मात्र दोनच वाटत होते.

या पानावरची सर्वांत नाजूक जागा वेगळीच होती. तज्ज्ञ संचालक इंग्रजीत म्हणाले की बँकेचे पत्र येईल त्या अटीवर, आणि लगेच अध्यक्ष मराठीत म्हणाले, ‘बरं, करून टाका.’ या ‘बरं’मध्ये अट स्वीकारली गेली, की अटीला बगल देऊन उचल द्यायची असे ठरले? निर्णयाचा सगळा अर्थ यावर अवलंबून होता. कॅश क्रेडिट खात्यात शिल्लक मर्यादा आहे म्हणून ती सभासदांना उचल देण्यासाठी वापरायची, की बँकेची लेखी संमती येईपर्यंत थांबायचे, हे दोन निर्णय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. शिवाय अट स्वीकारली नसेल, तर तज्ज्ञ संचालकांची असहमती झाली, आणि ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे इतिवृत्तात नोंदवणे कायद्याने बंधनकारक आहे. मग ‘सर्वानुमते’ हा शब्द, जो आपल्याकडे हाताच्या सवयीने लिहिला जातो, तो खोटा ठरेल. अध्यक्षांना तेही त्याच फोनमध्ये विचारले. अट मान्य होती. तज्ज्ञ संचालकांनाही विचारले, की अट ठरावात आली तर आपली असहमती राहते का. ती राहत नव्हती. आता ‘सर्वानुमते’ लिहायला हरकत नव्हती.

इतके झाल्यावरच मराठी लिहायला घ्यायचे. कंपनी सचिवांच्या संस्थेने घालून दिलेल्या सभांच्या मानकाप्रमाणे चर्चेचा भाग तृतीयपुरुषी आणि भूतकाळात असतो, ठराव वर्तमानकाळात, आणि इतिवृत्त म्हणजे शब्दशः नोंद असण्याची गरज नसते. मराठीत ही घडी छान बसते. एकच गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. कार्यकारी अधिकारी हिंदीत म्हणाले होते ‘मँगवाता हूँ’, त्यात करणारा माणूस स्पष्ट आहे. औपचारिक मराठीत त्याचे ‘दरपत्रक मागवण्यात येईल’ होते आणि माणूस नाहीसा होतो. ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘पाठपुरावा करण्यात यावा’ या रचनांवर आपल्या दप्तरांचा इतका जीव आहे की त्यांतून कामे का राहून जातात याचा कोणी विचारच करत नाही. मंडळाने एकत्रितपणे केलेल्या गोष्टीला, म्हणजे ठरावाला, तो प्रयोग शोभतो. एका माणसाने करायच्या कामाला कर्ता लिहायलाच हवा.

संचालकांकडे पाठवायचा मसुदा असा झाला:

विषय क्र. 5 (अ) : शीतगृहाचे भाडे.
एका शीतगृहाचे लेखी दरपत्रक प्राप्त झाले असून दुसरे 6 मार्च 2025 पर्यंत मागवत असल्याचे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले. विजयपूर येथील शीतगृहाचा तोंडी दर मिळाला असून लेखी दरपत्रक यायचे आहे. करार सहा महिन्यांपेक्षा अधिक मुदतीचा नसावा, असे मत तज्ज्ञ संचालकांनी मांडले. निर्णय पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवण्यात आला.

विषय क्र. 5 (ब) : माल जमा केलेल्या सभासदांना उचल.
सभासदांनी बेदाण्याच्या 15 किलोच्या 6,000 पेट्या, म्हणजे 90,000 किलो माल जमा केला असून 80 रुपये प्रतिकिलो दराने 72 लाख रुपये लागतील, अशी माहिती देण्यात आली. कॅश क्रेडिट खात्यातून रक्कम काढण्यापूर्वी बँकेचे लेखी संमतीपत्र घ्यावे, असे तज्ज्ञ संचालकांनी सुचवले व अध्यक्षांनी ते मान्य केले.
ठराव करण्यात येतो की, बँकेचे लेखी संमतीपत्र प्राप्त झाल्यानंतर, माल जमा केलेल्या सभासदांना 80 रुपये प्रतिकिलो दराने, एकूण 72 लाख रुपयांच्या मर्यादेत, कॅश क्रेडिट खात्यातून 29 मार्च 2025 पर्यंत उचल देण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.

सहा महिन्यांचे वाक्य मी ‘मत’ म्हणून ठेवले, कारण त्यावर कोणी हो किंवा नाही म्हटले नव्हते. ते अटीच्या भाषेत लिहिले असते, तर मंडळाने न घेतलेला निर्णय माझ्या लेखणीने घेतला गेला असता. माहिती, मत, सूचना आणि निर्णय या चार गोष्टींसाठी मी नेमून ठेवलेली क्रियापदे वापरते: माहिती दिली, मत मांडले, सुचवले, मंजूर केले. वाचताना कंटाळवाणे वाटते हे खरे, पण शब्दसौंदर्यासाठी ‘प्रतिपादन केले’ आणि ‘आग्रह धरला’ यांची पेरणी केली की कशाचे वजन किती, हे वाचणाऱ्याला कळेनासे होते.

कामांची यादी मी इतिवृत्ताच्या मजकुरात मिसळत नाही, तिचा वेगळा तक्ता सोबत जोडते. विषय 5 मधून चार कामे निघाली. बँकेकडून संमतीपत्र मिळवणे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. त्यांनी मागवलेले दुसऱ्या शीतगृहाचे लेखी दरपत्रक 6 मार्चपर्यंत आणणे, तेही त्यांच्याकडेच. विजयपूरचे लेखी दरपत्रक आणणे, कन्नड संचालकांकडे. आणि संमतीपत्र आल्यावर 29 मार्चपर्यंत उचल वर्ग करून सभासदनिहाय यादी कंपनीच्या दप्तरी ठेवणे, पुन्हा कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. प्रत्येक कामापुढे एकच नाव असते. दोन नावे लिहिली की दोघेही एकमेकांची वाट पाहतात. शेवटच्या रकान्यात काम झाले हे कशावरून ओळखायचे ते असते: पत्राची प्रत, दरपत्रकाचा कागद, बँकेचा उतारा. हा रकाना नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा एखादे ‘आयतु’ ऐकून पुढे जावे लागते.

संमतीपत्राला मंडळाने तारीख दिलीच नव्हती. ती मी माझ्या मनाने घातली नाही. कार्यकारी अधिकाऱ्यांना विचारले, त्यांनी 20 मार्च सांगितली, आणि तक्त्यात ती ‘जबाबदार व्यक्तीने दिलेली तारीख’ अशी नोंदवली. मंडळाने ठरवलेली तारीख आणि माणसाने स्वतः दिलेली तारीख यांत फरक असतो. पहिली चुकली तर मंडळासमोर जावे लागते, दुसरी त्याला अध्यक्षांना सांगून बदलता येते.

मानकाप्रमाणे मसुदा सभेनंतर 15 दिवसांत सर्व संचालकांकडे जायला हवा, त्यांना म्हणणे कळवायला सात दिवस असतात, आणि सभेपासून 30 दिवसांच्या आत मजकूर इतिवृत्त पुस्तकात उतरायला हवा. या सभेसाठी मसुद्याची शेवटची तारीख 19 मार्च होती आणि पुस्तकाची 3 एप्रिल. मसुदा मेलवर पाठवला की नियम पाळला जातो, पण आमच्या कन्नड संचालकांपैकी दोघांचे शिक्षण कन्नड माध्यमात झाले आहे. ते मराठी उत्तम बोलतात, पण औपचारिक मराठी वाचणे त्यांना जड जाते. त्यांना मसुदा मी फोनवर वाचून दाखवते आणि प्रत्येक विषयानंतर कन्नडमध्ये गोषवारा सांगते, कारण ज्याला मजकूर कळलाच नाही त्याच्या मौनाला मी संमती समजू शकत नाही. कंपनीची अधिकृत नोंद एकाच भाषेत ठेवायची असेल, तर ती न वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी नोंद ठेवणाऱ्याची आहे. या वेळी एका संचालकांनी एक दुरुस्ती सुचवली: उचल ‘माल जमा केलेल्या’ सभासदांना म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत जमा केलेल्या? सभेत हा प्रश्न निघालाच नव्हता, म्हणून ठरावाच्या शब्दांत मला हात घालता येत नव्हता. पण 6,000 पेट्यांचा आकडा सभेच्या दिवशीच्या साठ्याचा होता, हे शीतगृहाच्या पावत्यांवरून दाखवता येत होते. कार्यकारी अधिकाऱ्यांनी तशी खात्री दिल्यावर, माहितीच्या वाक्यात ‘4 मार्च 2025 अखेर’ एवढे शब्द अध्यक्षांच्या संमतीने वाढवले. नंतर आलेल्या मालाला उचल द्यायची की नाही, हा मुद्दा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला.

पुस्तकात उतरलेले इतिवृत्त नंतर परस्पर बदलता येत नाही, बदल करायचा तर मंडळाच्या मंजुरीनेच करावा लागतो. म्हणून वहीतले मूळ पान मी पुढच्या सभेत इतिवृत्ताची नोंद घेतली जाईपर्यंत जपून ठेवते. पुढच्या सभेत तोच तक्ता ‘मागील सभेतील निर्णयांवरील कार्यवाही’ म्हणून पटलावर आला. संमतीपत्राची प्रत जोडलेली होती, उचलीची सभासदनिहाय यादी होती, दोन्ही लेखी दरपत्रके होती. विजयपूरचा कागद आला नव्हता आणि तक्त्यात त्यापुढे ‘बाकी’ लिहिलेले होते. अध्यक्षांनी ते वाचून संचालकांकडे पाहिले, त्यांनी कन्नडमध्ये आठ दिवस मागून घेतले, आणि मी समासात तारीख लिहिली.